गुंठ्याचं बिल

साहेबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या शटरशी झटत होते. साहेब म्हणजे आमच्या फर्मचे मालक. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेत, पण पगार देतात म्हणून साहेब. ते भोकरकडे एका तलावाच्या मोजणीवर गेले होते. मोबाईलवर इन्कमटॅक्सचा मेसेज आलाय, बघून घ्या ताई, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आमच्या ऑफिसात जे काही कुणालाच बघायचं नसतं ते मी बघून घ्यायचं असतं. हिशेब मी, पगारपत्रक मी, बँक मी, आणि चहावाला उधारीसाठी आला की त्यालाही मीच. शटर एकदाचं वर गेलं, मी संगणक लावला आणि पोर्टलवर जाऊन नोटीस उघडली.

ती आंतरराष्ट्रीय कराचं काम बघणाऱ्या पुण्याच्या अधिकाऱ्याकडून होती. आम्ही तीन वर्षांत एका जर्मन कंपनीला चार वेळा पैसे पाठवले होते आणि एकदाही त्यातून टॅक्स कापला नव्हता. परदेशी माणसाला इथं करपात्र असलेली रक्कम द्यायची तर देणाऱ्यानं आधी टॅक्स कापून सरकारात भरायचा असतो, तो तुम्ही का कापला नाही, आणि तुम्हाला कसूरदार का धरू नये, असा सवाल होता. करार, चारही बिलं, बँकेला दिलेले फॉर्म, सीएची प्रमाणपत्रं, जर्मन कंपनी जर्मनीचीच करदाती असल्याचे दाखले, सगळं पंधरा दिवसांत जोडायचं. मी दोनदा वाचलं. मग डबा उघडून सकाळी साडेदहालाच अर्धी भाकरी खाल्ली, कारण पुढं जेवायचं भान राहणार नाही हे मला आत्ताच कळलं होतं.

आमची फर्म लहान आहे. सात माणसं, दोन ड्रोन, एक बोलेरो. नांदेड-लातूर भागातले रस्ते, कालवे, प्लॉटिंगचे लेआउट, इकडं देगलूरपर्यंत, तिकडं शिरूर अनंतपाळपर्यंत. ड्रोन वरून हजारो फोटो काढतो आणि ते फोटो जोडून त्यांचा नकाशा करायला जे सॉफ्टवेअर लागतं ते जर्मन कंपनीचं. दरवर्षी त्याचं लायसन्स घ्यायचं, साधारण नऊ लाख. हे पैसे पाठवायचे म्हणजे बँक आडवी येते. आधी ऑनलाईन ‘पंधरा सीए’ नावाचा फॉर्म भरा, आणि सीएकडून ‘पंधरा सीबी’ आणा, म्हणजे टॅक्स कापायचा की नाही हे सांगणारं प्रमाणपत्र. ते हातात पडल्याशिवाय बँकेतला माणूस मान वर करत नाही.

ते प्रमाणपत्र आम्हाला लातूरचे सर देत. सर म्हणजे माझे सर. बी.कॉम. झाल्यावर मी त्यांच्या ऑफिसात लागले ती लग्न होऊन नांदेडला येईपर्यंत अकरा वर्षं तिथंच होते. मी आमच्या वस्तीतली पहिली मुलगी जी कचेरीत खुर्चीवर बसून काम करायची, आणि त्या खुर्चीवर मला सरांनी बसवलं. त्यांचं घराणं लातूरच्या जुन्या मुसलमान व्यापाऱ्यांचं, वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मला ते बेटा म्हणत. चिडले की बाईसाहेब म्हणत. पस्तीस वर्षांत त्यांच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे ते दर दिवाळीला न चुकता सांगत. ऐकून ऐकून कान किटले होते.

नोटिशीतली तीन पेमेंट मला घाबरवत नव्हती. लायसन्सवर टॅक्स का कापायचा नाही हे सरांनी मला फार पूर्वी लातूरच्या भाषेत समजावलं होतं. क्लासच्या नोट्स विकत घेतल्यास तर वाच, पाठ कर, तुझ्या आहेत. पण झेरॉक्स काढून विकायला बसलीस तर क्लासवाला मारायला येईल, कारण तो हक्क तू घेतलेलाच नाहीस. सॉफ्टवेअरचंही तेच. आम्ही वापरायची एक प्रत घेतो, तिच्या नकला काढायचा हक्क घेत नाही, म्हणून ती रॉयल्टी नाही. आपल्या कायद्यानं सॉफ्टवेअरचा पैसा रॉयल्टीत ओढला असला, तरी जर्मनीशी जो करार आहे त्यात तसं नाही, आणि करारातलं सोयीचं पडत असेल तर ते धरता येतं. सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट सांगून टाकलंय. त्या कंपनीचं भारतात ऑफिस नाही, दुकान नाही, माणूस नाही. तेव्हा टॅक्स नाही. एवढं लिहायला मला कुणाची गरज नव्हती.

चौथं पेमेंट उघडलं आणि मी कपाळावर हात मारला.

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. जर्मन सॉफ्टवेअर क्षेत्रफळ द्यायचं हेक्टरात, चौरस मीटरात. आमचं गिऱ्हाईक मागतं गुंठ्यात आणि आरमध्ये, सातबाऱ्याशी जुळेल असं. मुलं हातानं आकडे बदलायची आणि चुकायची. मग साहेबांनी त्या कंपनीलाच सांगितलं की आमच्यासाठी गुंठ्याचा रिपोर्ट बनवून द्या. बिचाऱ्यांना गुंठा म्हणजे काय हे समजावण्यात दोन आठवडे गेले. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे मी स्वतः कागदावर चौकोन काढून, फोटो काढून पाठवलं होतं. त्यांच्या दोन इंजिनिअरांनी महिनाभर बसून ते काम केलं, वर आमच्या मुलांना ऑनलाईन शिकवलं, आणि सहा लाख चाळीस हजारांचं बिल पाठवलं. बिलावर साफ लिहिलं होतं, ग्राहकासाठी खास विकसन आणि प्रशिक्षण.

आता हे काही विकत घेतलेल्या नोट्स नव्हेत. ही शिकवणी झाली. माणूस बसवून करून घेतलेलं तांत्रिक काम, आणि जर्मनीच्या करारातही त्यावर दहा टक्के टॅक्स लागतो. कापायलाच हवा होता. मग सरांनी प्रमाणपत्रात टॅक्स नाही असं कसं लिहिलं? मी पाठवलेल्या मेलचा खण उघडला. मेल माझीच होती, फेब्रुवारीतली, एका ओळीची. सर, जर्मनीचं नेहमीचंच लायसन्स आहे, पंधरा सीबी लागतंय, बँकेत आज जायचंय. खाली मागच्या वर्षीचा फॉर्म जोडलेला, फक्त रक्कम आणि तारीख बदललेली. बिल जोडलेलंच नव्हतं.

मी असं का केलं, याला काही मोठं कारण नाही. फेब्रुवारी होता, जीएसटीचं रिटर्न डोक्यावर होतं, सासूबाई दवाखान्यात होत्या, आणि मागच्या वर्षीचा फॉर्म उघडून आकडा बदलणं ही आम्हा सगळ्या हिशेबवाल्यांची सवय आहे. चालत आलेलं चालू द्यायचं. त्या दिवशी मला इतका थकवा होता की बिलावरची ओळ मी वाचली नाही. वाचली असती तर कळली असती, तेवढं शिकवलंय मला. या गोष्टीचा राग मला नोटिशीपेक्षा जास्त आला.

बिलं जोडायची म्हणजे चारही जोडायची. चौथं बिल जोडलं की सरांचं प्रमाणपत्र खोटं ठरणार, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्या एका ओळीमुळं. शिवाय चुकीचं प्रमाणपत्र देणाऱ्या सीएला दंड आहे, दहा हजार. दहा हजारांचं काही नाही. पण सर येत्या मार्चअखेर ऑफिस बंद करणार होते. हात थरथरायला लागले होते, गिऱ्हाइकांच्या फायली परत देणं सुरू होतं. जाता जाता हे त्यांच्या पदरात घालायचं माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी साहेब आले, बूट चिखलानं भरलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि टॅक्स किती बसेल ते विचारलं. मी सांगितलं, चौसष्ट हजार, आणि त्यावर महिन्याला एक टक्का व्याज, सव्वीस महिन्यांचं सोळा हजार सहाशे चाळीस. जर्मन लोक आता परत देणार नाहीत, आपल्याच खिशातून जाणार. वर त्या वर्षी तो खर्चही नामंजूर होऊ शकतो. साहेब थोडा वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले की त्यांना मेल करा आणि बिल बदलून मागा. विकसन-प्रशिक्षण काढून टाकायचं आणि जादा मॉड्यूलचं लायसन्स असं लिहून घ्यायचं.

“एका शब्दाचा तर फरक हाय ताई. ते देऊन टाकतील. पुण्यात बसून कोण बघून राहिलंय?”

साहेब वाईट माणूस नाहीत. सासूबाई दवाखान्यात असताना न मागता वीस हजार पाठवले होते त्यांनी. आणि खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं गोड लागलं. एक शब्द बदलला की टॅक्स वाचतो, साहेब वाचतात, सर वाचतात, आणि मीही वाचते. करदातेपणाच्या दाखल्यासाठी जर्मनीला मेल करायचीच होती, त्यातच दोन ओळी घालायच्या. मी त्या लिहिल्यासुद्धा. पाठवायचं बटण मात्र दाबलं नाही. दाखल्याची मेल वेगळी करून तेवढीच पाठवली आणि ही तशीच ठेवून दिली. त्यांच्याकडून उत्तर आलं की संबंधित बाई सुट्टीवर आहेत, तीन आठवड्यांनी येतील. तिकडं लोक सुट्टीवर जातात आणि सगळ्या जगाला कळवून जातात. मला हसू आलं आणि रडूही आलं. पोर्टलवर मुदतवाढ मागितली, ती मिळाली.

रविवारी लातूरची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळी वाट मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. बाजूच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी न्हाई का. मी म्हटलं, हाव, डोकं धरलंय. तिनं पिशवीतून आल्याची वडी काढून दिली.

सरांच्या ऑफिसात निम्मी कपाटं रिकामी होती. फायलींचे गठ्ठे जमिनीवर, प्रत्येकावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. सर एकटेच होते. चहा सांगितला, माझ्या सासूबाईंची चौकशी केली, आणि मग म्हणाले, बोल. मी बिल पुढं ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मग खाली करून वाचलं. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, सरांनी उठून खिडकी लावली.

मी बोलायला सुरुवात केली. चूक माझी आहे, बिल मी पाठवलंच नव्हतं, माझी मेल जोडा, सगळं माझ्यावर घ्या. आणि बिल बदलून मिळू शकतं, साहेब तयार आहेत, हेही घाईघाईत बोलून टाकलं. बोलल्यावर लाज वाटली. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

“बाईसाहेब, सही कुणाची आहे?”

तुमची, मी म्हटलं. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि नोटिशीचं उत्तर सांगायला लागले. मी लिहून घेतलं, पंचवीस वर्षांपूर्वी घ्यायचे तसंच. चौथं पेमेंट शेवटी लपवायचं नाही, सगळ्यात आधी लिहायचं. हे तांत्रिक सेवेचं होतं, टॅक्स कापायला हवा होता, आम्ही चुकलो, टॅक्स आणि व्याज भरलं, चलान सोबत आहे. त्यानंतर लायसन्सची तीन पेमेंट, करारातल्या कलमासकट, सोबत वापराच्या अटी, आणि त्यात नकला करून विकायला मनाई आहे ती ओळ. स्वतःसाठी त्यांनी वेगळं पत्र लिहायला सांगितलं, त्यांच्या लेटरहेडवर. “मी बिल न पाहता प्रमाणपत्र दिलं, ही माझी चूक आहे.” एवढंच. त्यात माझा उल्लेख नव्हता. मी म्हटलं, सर, माझी मेल. ते म्हणाले, लिही म्हटलं तेवढं लिही.

साहेबांना पटवायला एक दिवस गेला. ते चिडले, मग म्हणाले की भरा एकदाचं आणि माझ्या डोक्याचा ताप घालवा. मी चलान भरलं. पावतीची प्रिंट घेताना शाई संपली, तीही त्याच दिवशी संपायची होती. जर्मनीचे दाखले पाच आठवड्यांनी आले. त्या सुट्टीवरच्या बाईंनी तीनही वर्षांचे नीट पाठवले, वर गुंठा रिपोर्ट कसा चाललाय म्हणून विचारलं. मी लिहिलं, उत्तम चाललाय. खोटं नव्हतं ते.

सुनावणी व्हिडिओवर झाली, त्यासाठी सर नांदेडला आमच्या ऑफिसात आले होते. अधिकारी बाई तरुण होत्या, हिंदीत बोलत होत्या, आणि कागद वाचून आल्या होत्या, याचंच मला मोठं नवल वाटलं. लायसन्सबद्दल तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं सरांनी दिली. मग त्यांनी विचारलं की हा गुंठा म्हणजे काय प्रकार आहे. सर माझ्याकडं बघायला लागले. मी पुन्हा चौकोन काढून कॅमेऱ्यासमोर धरला, चाळीस गुंठ्यांचा एकर. बाईंनी मान डोलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. दीड महिन्यानं आदेश आला. तीनही लायसन्स मान्य, टॅक्स नाही. चौथ्यात आम्ही कसूरदार, पण रक्कम आणि व्याज भरलेलं असल्यानं मागणी शून्य. साहेबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला.

सरांना दंडाची नोटीस वेगळी गेली, हे मला उशिरा कळलं, तेही त्यांच्याकडून नाही, त्यांच्या मुलाकडून. मी फोन केला. सर म्हणाले की भरले दहा हजार, सही करायला दोन मिनिटं लागली होती, म्हणजे मिनिटाला पाच हजार, एवढी फी मी आयुष्यात कुणाकडून घेतली नव्हती. मी विचारलं, वाजवी कारण दाखवलं असतं तर दंड माफ होतो ना? कायद्यात तशी सोय आहे, तुम्हीच मला शिकवली होती. ते म्हणाले, कारण वाजवी असावं लागतं बेटा. मग चहा घ्यायला ये म्हणाले आणि फोन ठेवला.

मार्चअखेर आमची फाईल एसटीच्या पार्सलनं आली. नाड्यानं बांधलेली, पानांवर त्यांच्या थरथरत्या हातानं घातलेले नंबर. मी ती दुपारी उघडून तपासत बसले, कारण यादी तपासून सही करून पाठवायची होती. शेवटचं पान एका मेलची प्रिंट होती. फेब्रुवारीतली, माझी, नेहमीचंच लायसन्स आहे. सर मेल स्क्रीनवर वाचायचे नाहीत, छापून घ्यायचे. त्या ओळीखाली त्यांच्या लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, बिल मागवणे. म्हणजे बिल बघायचं त्यांना आठवलं होतं. मग त्यावर काट मारलेली होती, आणि बाजूला त्याच पेन्सिलीनं, त्याच तारखेला, लिहिलं होतं, आपल्या मुलीनं पाठवलंय, बघायची गरज नाही.

मी चुकीचं कळवलं होतं हे दाखवून दंड टाळायला हा एक कागद पुरेसा होता. तो त्यांनी दाखवला नाही, फाडलाही नाही. नंबर घालून मला परत पाठवला. मी यादीवर सही केली, सगळी पानं मिळाली असं लिहिलं, आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. आमच्या ऑफिसातल्या मुलांनी त्या दिवशी मला एकही बिल बघायला सांगितलं नाही.